शेजारच्या काकांचं ‘सावधान’

आमच्या शेजारच्या काकांइतकी लग्नं लावलेला गृहस्थ अख्ख्या नाशकात सापडणार नाही, आणि ते भटजी नव्हते. ओझरच्या विमान कारखान्यातून ते निवृत्त झाले होते. पण कुठेही मांडव दिसला की आपली ओळख असो-नसो, हे पुढे सरसावून मंगलाष्टकं म्हणायचे. वधूवरांची नावं ते उभ्या उभ्या वृत्तात बसवत. शेवटचं ‘सावधान’ तर असं ताणत की एकदा नवरदेवाने वैतागून आधीच माळ घालून टाकली. “घाई आहे हो जावयांना!” काका गाणं न थांबवता त्याच चालीत म्हणाले. नातवंडांनो, तुमच्या आईच्या लग्नातही ते गायले. गायले नाहीत ते फक्त स्वतःच्या लेकीच्या, सुनंदाच्या, लग्नात. पहिल्याच ओळीला ते थांबून उपरण्याने डोळे पुसू लागले आणि भटजींना ‘सावधान’ उरकून घ्यावं लागलं.

तुम्ही परदेशी गेलात त्यानंतरच्या हिवाळ्यात काकांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, पण तोंडातून शब्द एकच निघायचा. कोणता, ते तुम्ही ओळखलं असेलच. पाणी हवं, “सावधान!” उशी सरकली, “सावधान!” वॉर्डातल्या मावशी पहिल्या दिवशी ट्रे तसाच हातात धरून थबकल्या आणि पायाखाली काय आहे ते बघत राहिल्या. भेटायला येणारे मात्र काका बहिरे झाल्यासारखे त्यांच्या कानात ओरडायचे. काका डोळे मिटून घ्यायचे.

सुनंदा कळवणला शिक्षिका. ती रजा घेऊन आली आणि दवाखान्यातल्या पुनर्वसन विभागात व्यायाम घेणारे सर, रोजची कामं शिकवणाऱ्या ताई आणि बोलायला शिकवणाऱ्या मॅडम यांच्याकडे रोज वडिलांसोबत बसली. काका घरी आल्यावर एका सकाळी ती माझ्याकडे आली. “मावशी, त्या सगळ्यांना आभाराचं पत्र द्यायचंय. तुमचं इंग्रजी चांगलं, तुम्हीच लिहा.” मी तीन परिच्छेदांचं नेटकं पत्र लिहिलं आणि काकांसमोर वाचून दाखवलं. सुनंदा हसू दाबत म्हणाली, “मावशी, हे त्यांना लिहिलंय की बँकेच्या मॅनेजरला?” काकांनी डावा हात खुर्चीवर आपटला. “सावधान!”

मग तिने मराठीत लिहिलं, माझ्याच डायनिंग टेबलावर बसून. त्यातलं मला आठवतं ते असं: “सर, बाबांना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळेल, हे तुम्ही आम्हाला पहिल्याच दिवशी दाखवलंत. आता उठताना ते आधी पुढे सरकतात, पाय मागे घेतात, नाक पुढे नेतात आणि मगच उठतात. ताई, शर्टाच्या बाहीत आधी लुळा हात, मग चांगला, हे त्यांना आता सांगावं लागत नाही. काढताना मात्र अजून उलटंच करतात आणि आमच्यावरच चिडतात. चहाने ठसका लागायचा, तर तुम्ही तो दाटसर करून दिलात, हनुवटी खाली घेऊन गिळायला लावलात. बाबांचं मत आहे की तो चहा नव्हता, खळ होती. आणि मॅडम, बाबा गातात हे कळल्यावर तुम्ही मंगलाष्टकांची चाल धरलीत. त्यांचा डावा हात टेबलावर ठेक्याला धरून ‘मला हवं गरम’ असं गायचात आणि शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडायचात. ‘पाणी’ हा शब्द त्यांनी पहिल्यांदा शार्दूलविक्रीडितात मागितला. तुम्ही त्यांच्याशी हळू बोललात, पण मोठ्या माणसाशी बोलावं तसं.”

इथे तिचं पेन थांबलं. “मावशी, त्यांना चहा मागता येतो, चष्मा मागता येतो. माझं नाव येत नाही. रजा संपली. उद्या मी गेल्यावर फोनवर मला कशी हाक मारतील?” भिंतीपलीकडे त्यांच्या घरात काकू त्यांना गाऊन विचारत होत्या, “तुम्हाला हवा काऽय?” आणि काका गात होते, “चष्माऽऽ.” मी पाकीट शोधून आणलं. पत्र पाकिटात गेलं. जाता जाता दवाखान्यात द्यायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा फाटकाशी आली. काका डाव्या हातात काठी घेऊन दारापर्यंत आले. सुनंदा वाकून पाया पडली आणि निघाली. काकांनी काठी भिंतीला टेकवली, डाव्या हाताने चौकटीवर ठेका धरला आणि चाल लावली, “सु... नं...” चाल अडली. ठेका थांबला. मग चालीशिवायच, साध्या आवाजात, म्हणाले, “सुनंदा.” ती वळली. रस्त्याकडे बोट करत काका म्हणाले, “सावधान.”

इतक्या महिन्यांत तो शब्द प्रथमच आपल्या जागी आला होता. सुनंदा रिक्षात बसून रडत होती आणि रिक्षावाला विचारत होता, “ताई, निघू ना?” तिने पाकीट फाडलं आणि कागद गुडघ्यावर धरून पत्राखाली लिहिलं: “ता. क. आज बाबांनी मला हाक मारली. जपून जा म्हणाले.”

दुसरं पाकीट मीच दिलं. काका त्यानंतर बरीच वर्षं होते, लग्नांनाही जायचे, पुढच्या रांगेत बसायचे. आता ते नाहीत. मांडवात भटजी ‘सावधान’ म्हणतात तेव्हा सगळे अक्षता टाकतात. माझ्या मात्र मुठीतच राहतात. तो शब्द अजून थोडा ताणला जाईल, असं वाटत राहतं.