ताप आधी येत नाही

सरिता गजभियेला राग क्वचितच येई. तिला तुच्छता वाटे, आणि ती लपवण्याचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. लाखनीच्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात ती तासिका तत्त्वावर जीवशास्त्र शिकवते, मी मराठी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी, त्यामुळे तिचा एक भुवई उंचावलेला चेहरा मी रोज जवळून पाहते. कोणी 'आजकालच्या पोट्ट्यायले काही येत नाही' असं सुरू केलं की ती डबा उघडता उघडता विचारी, "तुमाले येते का पण?" आणि भाजी वाढून घेई.

ती पवनी तालुक्यातल्या कोंढ्याची. आई वच्छलाबाई आशा वर्कर. कोणाला थंडी वाजून ताप आला की बोटाला सुई टोचून, काचेवर रक्ताचा थेंब घेऊन, तो तपासायला पाठवायचा, हे आईचं काम. लहानपणी सरिता सोबत जाई. तापलेला माणूस हमखास सांगे, "काल दही खाल्लं ना, म्हणून." नाहीतर, "परवा धानाच्या रोवण्यात भिजलो." आई ऐकून घेई. सरिताला मात्र तेव्हापासूनच त्या दह्याची चीड बसली असावी.

तिच्या तुच्छतेचे खास धनी म्हणजे आमचे कैलाश हटवार सर. तेही जीवशास्त्राचेच, पण कायम नोकरीत. तरुणपणी झाडीपट्टीच्या नाटकांत राजाची कामं केलेली, आणि तो राजा काही त्यांच्या अंगातून उतरला नव्हता. हजेरी घेतानाही 'उपस्थित' हा शब्द ते असा काही म्हणत, की पोरांना वाटावं आता पडदा पडणार. वर्गात मात्र वर्षानुवर्षं तीच पिवळी पडलेली नोट. 'लिहा' म्हणायचे आणि खिडकीपाशी उभे राहायचे. पोरं लिहायची, सर हायवेवरचे ट्रक बघायचे.

मागच्या वर्षी प्राचार्यांनी बैठक घेतली. वरून परिपत्रक आलं होतं. प्रत्येक विषयाच्या शिक्षकाने आपल्या एका नोटचं गोष्टीत रूपांतर करायचं आणि ती गोष्ट वर्गात सांगून दाखवायची. पाहायला तालुक्याचे अधिकारी येणार. बारावीच्या दोन तुकड्या. 'अ' हटवार सरांची, 'ब' सरिताची. दोघांना एकच नोट दिली, मलेरियाच्या परजीवीचं जीवनचक्र.

"गोष्ट म्हणजे आपलं घरचं काम," हटवार सर मिशीवरून बोट फिरवत म्हणाले. "कागद पाहाची गरज नाही."

सरिताने कागद पाहिला. परिपत्रकात खालच्या बाजूला एक ओळ होती: नोटमधील तथ्ये व त्यांचा क्रम कायम ठेवावा. तिने ती मोठ्याने वाचली. कोणी ऐकली नाही. चहा आला होता.

आता ही नोट साधी. मलेरियाची लागण झालेली डासाची मादी चावते, तिच्या लाळेतून परजीवी माणसाच्या रक्तात येतात. तिथून ते यकृतात जातात, तिथे वाढतात. मग यकृतातून बाहेर पडून रक्तातल्या तांबड्या पेशींत शिरतात, तिथे पुन्हा वाढतात, पेशी फुटतात, त्यातून विषारी द्रव्य सुटतं आणि माणसाला हुडहुडी भरून ताप येतो. काही परजीवींची नर आणि मादी रूपं तयार होतात. दुसरा डास चावला की ती त्याच्या पोटात जातात, मीलन तिथे होतं, नवे परजीवी तयार होऊन त्याच्या लाळग्रंथींत येतात. पुन्हा चावा. एवढंच. पण यातली प्रत्येक पायरी आधीच्या पायरीच्या पोटातून निघते. एक उचलून दुसरीकडे ठेवली, की सगळं खोटं होतं.

सरिताने पहिला मसुदा केला तो निव्वळ तिरस्कारापोटी. नोटच्या प्रत्येक वाक्याआधी 'मग काय झालं' घातलं, परजीवीला 'परजीवीभाऊ' म्हटलं आणि कागद माझ्यापुढे टाकला. "घ्या मॅडम, झाली तुमची गोष्ट."

'ब' तुकडीतली रीना तेव्हा प्रॅक्टिकलची वही द्यायला आली होती. पोरगी धीट. सरिताने तिलाच वाचायला लावलं. रीनाने वाचलं आणि प्रामाणिकपणे विचारलं, "मॅडम, हे तं नोटच आहे ना? याच्यात माणूस कुठं आहे?"

सरिताची भुवई चढली. मी वाट पाहत होते, की आता पोरीची धडगत नाही. पण ती नुसती म्हणाली, "जा." रीना गेल्यावर तिने तो कागद चार वेळा फाडला. "पोट्टी बरोबर बोलली," ती म्हणाली. "मी हटवारापेक्षा वेगळं काय केलं? त्यानं नोट लिहून दिली, मी नोटले टिकली लावली."

नंतर तिने मला विचारलं, गोष्टीत लोकांना पुढे ऐकावंसं काहून वाटतं. मी म्हटलं, ऐकणाऱ्याला काहीतरी ठाऊक असतं आणि गोष्टीतल्या माणसाला ते ठाऊक नसतं, तेव्हा जीव टांगला जातो. तिने कागदाचे तुकडे गोळा केले. मग स्वतःशीच म्हणाली, "म्हंजे दही."

मला तेव्हा काही कळलं नाही.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी हटवार सर जरीचा फेटा बांधून आले. वर्गात गादी अंथरलेली. सर स्वतःच घोंगडं पांघरून थरथरत पडले आणि कण्हत म्हणाले, "कोण? कोण आहे माझ्या रक्तात?" पोरं खूश. ताप हा शेवटचा अंक शोभेल असा प्रसंग, तो त्यांनी पहिल्याच अंकात वापरून टाकला. मग परजीवी राजा आला, त्याने तांबड्या पेशींच्या राज्यावर स्वारी केली. मग राजाला राणी भेटली आणि त्यांचं लग्न माणसाच्या रक्तातच, वाजतगाजत लागलं, कारण डासाच्या पोटात मांडव घालणं सरांना जमण्यासारखं नव्हतं. अधूनमधून 'पूर्वी काय घडलं होतं' म्हणून डास आला. यकृत राहूनच गेलं. शेवटी आठवलं, तेव्हा सरांनी त्याचा किल्ला केला आणि हरलेल्या राजाला तिथे लपवलं. टाळ्या पडल्या. अधिकाऱ्यांनी उभं राहून हात मिळवला. फेटा एका कानावर आला होता, तो सरांनी तसाच राहू दिला. फोटो निघत होते.

'ब' तुकडीत अधिकारी आले ते नाश्ता झाल्यावर, अर्धवट पेंगत. सरिता फळ्यापाशी नुसती उभी राहिली.

"एकोडीचा एक माणूस होता, दादाजी," तिने सुरुवात केली. "सांजेले बांधावर बसला होता. हातावर डास बसला. चावला. दादाजीनं चापट मारली, हात खाजवला, घरी गेला. तो विसरला. तुमी विसरू नका."

मग तिने सांगितलं, की दादाजी हात धुऊन जेवायला बसला तेव्हा परजीवी त्याच्या यकृतात पोचलेसुद्धा होते. दादाजी बाजारात गेला, यकृतात एकाचे हजार होत होते. दादाजी पुतणीच्या लग्नात नाचला, सुनेला, रुपाला, म्हणाला, "मले काय होते? मी लोखंड आहो." आणि त्याच्या बरगडीखाली पेशी भरत चालल्या होत्या. पोरं हसली, मग हसायची थांबली. परजीवी रक्तात उतरले, तांबड्या पेशींत शिरले, तेव्हाही दादाजी धान मोजत होता. त्या दिवशी त्याने दही खाल्लं. दुसऱ्या दिवशी पेशी एकाच वेळी फुटल्या.

"आता आला ताप," सरिता म्हणाली. "डास चावून पंधरवडा होऊन राहिला. दादाजीनं कोणाले दोष दिला असन?"

"दह्याले!" अख्खा वर्ग ओरडला.

एवढ्यात गोष्ट संपली असं अधिकाऱ्यांना वाटलं, ते उठू लागले. सरिताने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. दादाजी कण्हत पडला होता आणि त्याच्या रक्तात नर-मादी रूपं तयार होत होती. मच्छरदाणी नव्हती. दुसरा एक डास आला, रक्त प्याला. मीलन त्या डासाच्या पोटात झालं. नव्या पिढीला तयार व्हायला दिवस लागले, मग ती त्याच्या लाळेपर्यंत आली. रुपा ओसरीवर तांदूळ निवडत होती. तिने हातावर चापट मारली, हात खाजवला आणि पुन्हा सुपाकडे वळली.

मागच्या बाकावरचं कोणीतरी हळूच आपला हात पाहत होतं.

प्रशस्तिपत्र अर्थातच हटवार सरांना मिळालं. अधिकारी सरिताला म्हणाले, "मॅडम, थोडा अभिनय पायजे होता." ती म्हणाली, "तो बाजूच्या वर्गात झाला ना."

चाचणीत दोन्ही तुकड्यांना तोच प्रश्न आला. 'अ' तुकडीत बहुतेकांनी सुरुवात तापाने केली, मीलन माणसाच्या रक्तात लावलं, आणि एकाने यकृताला किल्ला म्हणून आकृतीत बुरूज काढले. हटवार सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "या वर्षीची बॅचच कमजोर आहे."

सरिताने डबा बंद केला. "सर, बॅचले दोष देऊ नका. तुमी तापापासून सुरू केलं. गावातला माणूसही तापापासूनच सुरू करते, अन् मंग कालचं दही आठवते. पंधरा दिवसाआधीचा डास त्याच्या ध्यानातच राहात नाही. म्हणून तो मच्छरदाणी लावत नाही. त्याची चूक दुरुस्त कराले आपल्याले इथं ठेवलं आहे. तुमी तेच फेटा बांधून शिकवलं."

"अहो मॅडम, कलेत थोडं मागंपुढं होते."

"नाटकात करा. राजा मेल्यावर त्याचा जन्म दाखवा. डासाले कायले तरास देता?"

दुसऱ्या दिवशी 'अ' तुकडीतून तो जुना आवाज ऐकू आला: "लिहा." सर खिडकीपाशी उभे होते.

प्राचार्यांनी सगळ्यांच्या गोष्टींची पुस्तिका काढायची ठरवली आणि संपादन, कोणाच्या हाती जावं तर हटवार सरांच्या. सरिताची गोष्ट त्यांनी थोडी 'उचलून' दिली. सुरुवात अशी झाली होती: 'दादाजी तापाने फणफणत होता...' सरिताने तो कागद वाचला, प्राचार्यांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "छापू नका."

"अहो, नाव तुमचंच आहे."

"म्हणूनच."

मी तिला समजावलं, की तासिका तत्त्वावरच्या माणसाने एवढं ताणू नये, पुढच्या वर्षी बोलावतीलच असं नाही. ती माझ्याकडेही त्याच नजरेने पाहू लागली, ज्या नजरेने हटवारांकडे पाहते. त्या नजरेखाली बसणं सुखाचं नसतं. पुस्तिका तिच्या गोष्टीवाचून निघाली. मुखपृष्ठावर फेटा आहे.

यंदाही तिला बोलावलं आहे. जीवशास्त्राला दुसरं कोणी मिळालं नाही, हे खरं कारण. आता दोन्ही तुकड्यांची पोरं तिच्यामागे लागतात, "मॅडम, गोष्ट सांगा ना." ती आधी नोट पाठ करून यायला लावते. क्रम ज्याला येत नाही, त्याला गोष्ट नाही. परवा कोणीतरी मूत्रपिंडाची गोष्ट मागितली. तिने नोट वरपासून खालपर्यंत वाचली आणि मिटली.

"याच्यात माणूस सापडून नाही राहिला मले," ती म्हणाली. "उगाच राजा-राणी आणणार नाही. लिहून घ्या."