पहिल्या स्टेटमेंटवरची अनोळखी नावं

हॉस्टेलमध्ये राहिलेल्या माणसाला किस्से जमवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. डिचोलीच्या आमच्या मुलींच्या हॉस्टेलवरचे माझ्याकडे पोतंभर असतील. पण आम्ही तिघी भेटलो की विषय फिरून फिरून एकाच गोष्टीवर येतो: माझ्या क्रेडिट कार्डाचं पहिलं स्टेटमेंट. आता मी मोपाला नोकरी करते, दर महिन्याला स्टेटमेंट येतं आणि मी ते दोन मिनिटांत बघून बाजूला ठेवते. तेव्हाची ती धडधड मात्र आता येत नाही, आणि खरं सांगू, कधी कधी तिची आठवण येते.

शिकणाऱ्या मुलीला पगार नसतो, म्हणून बँकेने कार्ड दिलं ते एफडीवर. हरमलला आमच्या दोन खोल्या टुरिस्टांना भाड्याने असतात. त्यांना नाश्ता करून घालून आईने दोन सीझनमध्ये वीस हजार जमवले होते. ते माझ्या नावावर ठेवले, आणि बँकेने त्यावर अठरा हजारांची लिमिट दिली. मी बिल भरलं नाही तर बँक एफडी मोडून वसूल करणार, हे सही करतानाच सांगितलं होतं. आईने एवढंच म्हटलं होतं, "माझ्या पैशांक हात लागता नये हां."

*

स्टेटमेंट ईमेलवर आलं, पण उघडेना. पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. मी आठ वेळा टाकून बघितला. माझी रूममेट गौरी, पेडण्याची, हिने तिची जन्मतारीख टाकून बघितली. का, ते देवाला ठाऊक. शेवटी शेजारच्या खोलीतली संध्याताई आली. ती मोरजीची, कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला. तिने विचारलं, "कार्डावर नाव कसं छापलंय?"

बघितलं तर कार्डावर आडनाव आधी होतं.

*

फाइल उघडली आणि मी आधी पानं मोजली. मी सगळं मिळून तीन हजारांच्या आत खर्च केला होता, आणि यादी दीड पान! अडीचशे रुपये जॉइनिंग फी, खाली त्यावर अठरा टक्के जीएसटी, पंचेचाळीस. कुठल्याशा ॲपने दोन रुपये कापलेले आणि त्याच दिवशी परत केलेले.

"अगो, तुजे पैशे कोण तरी खाता," गौरी म्हणाली. "आधी दोन रुपये घेवन बघतत, मगे सगळे."

संध्याताईने शांतपणे सांगितलं की ॲपमध्ये कार्ड जोडताना ते चालतं का हे बघायला दोन रुपये घेतात आणि परत करतात. गौरी थोडी नाराज झाली. तिला चोर हवा होता.

*

पेट्रोलची मजा तर वेगळीच. गौरीची स्कूटर घेऊन मी घरी हरमलला गेले होते. पंपावर कार्ड स्वाइप करून चारशेचं पेट्रोल भरलं. स्टेटमेंटवर चारशे होतेच, खाली चार रुपये फ्युएल सरचार्ज, त्यावर बहात्तर पैसे जीएसटी. आणखी खाली चार रुपये परत.

"आनी भात्तर पैसे?" गौरीने विचारलं.

"सरचार्ज माफ होतो, त्याच्यावरचा टॅक्स नाही," संध्याताई म्हणाली. "आणि ह्या कार्डावर माफी चारशेपासून. तीनशे नव्वदचं भरलं असतंस तर तेही गेले असते."

त्या दिवसापासून गौरीची स्कूटर माझ्याकडून परत जाताना टाकी नेहमी चारशेने भरलेली असे. त्या बहात्तर पैशांत फायदा फक्त तिचाच झाला.

*

बायोडेटा सुंदर करून देणाऱ्या एका वेबसाइटला मी पाच डॉलर दिले होते. त्यासाठी कार्डावरचा परदेशी व्यवहार मीच ॲपमधून सुरू केला होता. चारशेवीस रुपये झाले ते समजलं. त्यावर साडेतीन टक्के मार्कअप, म्हणजे परदेशी चलनाचं शुल्क, चौदा रुपये सत्तर पैसे. आणि मार्कअपवर पुन्हा जीएसटी, दोन रुपये पासष्ट.

"नोकरी लागण्याआधीच टॅक्स भरतेस," संध्याताई म्हणाली.

*

मग गौरीला खाली एक ओळ दिसली आणि तिचा चेहरा उजळला. "हे बघ. मिनिमम ड्यू फकत दोनशे. दोनशे भर आनी गप रव."

संध्याताई आयुष्यात पहिल्यांदा ओरडली असेल. दोनशे भरले तर कार्ड चालू राहतं आणि लेट फी लागत नाही, एवढंच. उरलेल्या रकमेवर खरेदीच्या दिवसापासून व्याज, महिन्याला साडेतीन टक्के, आणि नवीन खरेदीलाही मग बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. "भरायचं ते टोटल ड्यू, आणि तारखेच्या आत."

मी तिथल्या तिथे टोटल भरून टाकलं. आईचे पैसे जागेवर राहिले. तेव्हा मला खरंच रडू आलं होतं.

*

पण तीन ओळी उरल्या होत्या, आणि त्यांचा खुलासा संध्याताईलाही करता आला नाही. साठ, साठ, साठ. तिन्ही कार्डाला जोडलेल्या यूपीआयवरून, आणि समोर एका टायरच्या दुकानाचं नाव.

मी जन्मात टायर घेतला नव्हता. हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, ह्या तिन्हीला तुमचा यूपीआय पिन टाकलेला दिसतोय."

"मी टाकला नाही."

"पिन दुसऱ्या कोणाला माहीत आहे?"

मी गौरीकडे बघितलं. गौरीने देवाची शपथ घेतली. मी कार्ड ब्लॉक केलं, तक्रार नोंदवली, आणि चौकशी होईपर्यंत एकशेऐंशी रुपये तात्पुरते जमा झाले. मला लढाई जिंकल्यासारखं वाटलं. नवीन कार्डाचे शंभर आणि जीएसटीचे अठरा पुढच्या महिन्यात लागले, ते वेगळं.

*

हॉस्टेलच्या गेटासमोर आजऱ्याकडच्या एक मावशी पत्र्याच्या शेडमध्ये जेवण द्यायच्या. साठ रुपयांत पोटभर. त्यांचे यजमान कारखान्यात होते, त्याआधी त्यांचं रस्त्यावर पंक्चर-टायरचं दुकान होतं. ते बंद पडलं, पण स्कॅन करायचा कोड तोच मावशींनी शेडच्या खांबावर चिकटवला होता. स्कॅन केल्यावर दुकानाचं नाव फोनवर येतंच. भुकेल्या माणसाने ते वाचलं तर.

हे मला कळलं ते दोन आठवड्यांनी. मावशी फोन घेऊन आमच्या खोलीवर आल्या.

"पोरी, तू शिकल्याली हाईस. चार ओळी लिवून दे. कुणीतरी तक्रार केलीया, म्हंतोय, तीनदा पैसं घेतलं आन् काय दिलंच न्हाई. पुरावा मागत्यात. न्हाई दिला तर पैसं कापणार. आन् असं सारखं झालं तर कोड बी बंद करणार म्हणं."

मेसेजमध्ये तीन तारखा होत्या, आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे. माझे. मला इतकी लाज वाटली की मान वर होईना. मी बाहेर जाऊन बँकेला फोन करून तक्रार मागे घेतली, पण ती माझीच होती हे मावशींना सांगायचा धीर झाला नाही. उत्तर तरीही पाठवायचंच होतं, म्हणून ते लिहायला बसले. अमुक तारखांना ग्राहकाने येथे जेवण घेतले. जेवण चांगले होते.

"झालं, मावशी. आणखी काही लिहू?"

त्यांनी फोन पुन्हा माझ्यापुढे सरकवला.

"त्येला लिव, पैशाची अडचण हुती तर आदी सांगायचं. मी कुणाला उपाशी धाडत न्हाई."

मी ते इंग्रजीत लिहिलं.