दादाच्या जागी नाव

शाळेतून निवृत्त झाल्यावर बाईंनी भाषांतराची कामं धरली. इंग्रजी पक्कं, स्वभाव त्याहून पक्का. आईच्या आजारपणात थोरला भाऊ एकदा बोलून गेला, "तू काय, पाहुणी!" झालं, सहा वर्षं अबोला.

मग एके दिवशी टपालानं त्याची कथा आली, सोबत वहिनीची चिठ्ठी : "वन्सं, यांची तब्येत बरी नसते. मासिकाला इंग्रजीत द्यायचीय, ती तुम्हीच करावी म्हणतात."

कथेतही भाऊ-बहीण रुसलेले. शेवटी तो दारात उभा राहतो आणि ती एवढंच म्हणते, "दादा, आत ये."

वाचताना बाईंचे डोळे भरले. पण काम ते काम, रडायला नंतर वेळ आहे, असं म्हणून त्या बसल्या. छापून आलं की अंक घेऊन स्वतःच जायचं, हेही मनाशी ठरलं.

कथेत रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला कुणी 'काका' म्हणतं. 'अंकल' केलं असतं तर परका वाचक नातं शोधत बसला असता, म्हणून तिथं 'सर' आलं. शेजारचे काका मात्र काकाच राहिले. ते शेजारी आहेत हे आधीच्या वाक्यात घातलं की भागलं. भाजीवाली गिऱ्हाइकाला 'ताई' म्हणते, ते गाळून तिचं बोलणंच जरा लाडिक केलं. 'दादा'पाशी मात्र गाडी अडली. 'ब्रदर' म्हटलं तर मठातला साधू वाटतो. तसंच ठेवावं, तर इंग्रजीत तान्ही मुलं बापाला 'दादा' म्हणतात, कुणी भावाला बापच समजायचं. तिकडे भावाला सरळ नावानं हाक मारतात. बाईंनी नाव घातलं आणि एकदा ठरलं म्हणून सगळीकडे तेच ठेवलं. शेवटच्या वाक्यातसुद्धा.

भाषांतर आणि संमतीचा कागद भावाकडे टपालानं पाठवला. आठवड्यानं कागद सहीसकट परत आला. मागच्या बाजूला वेडंवाकडं अक्षर होतं :

"भाषांतर चोख. शेवटी तू नाव घातलंस, ते वाचलं. तुझंही बरोबरच आहे. त्या हाकेचा हक्क मीच घालवला. असंच छापू दे."

बाईंनी ते पुन्हा वाचलं. व्याकरणाच्या चुका शोधण्यात हयात गेली, आणि ही एवढी मोठी चूक स्वतःच्या हातून! त्यांनी पेन घेतलं, प्रत्येक नाव खोडून 'दादा' लिहिलं. पहिल्या पानावर एक वाक्य वाढवलं : थोरल्या भावाला तिनं जन्मात कधी नावानं हाक मारली नव्हती, तो तिचा दादाच. इतकं सोपं होतं. कागद पिशवीत कोंबून त्या तडक निघाल्या.

दार वहिनीनं उघडलं. आतल्या खोलीत तो डोळे मिटून पडला होता, श्वास तेवढा चालू होता. बाईंनी त्याचा हात धरला.

"दादा," त्या म्हणाल्या. मग मोठ्यानं, "दादा, मी आलेय रे!"

वहिनीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"कालपर्यंत ऐकू येत होतं त्यांना, वन्सं."