ढब्बूचं एक वाक्य

ती दातांच्या कवळ्या बनवायची. एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तिचं टेबल होतं. त्यावर प्लास्टरचे जबडे, मेण तापवायचा दिवा आणि घासायचं छोटं चाक. मेणात एकेक दात बसवताना तिचा हात कधी चळला नाही. पण घरच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं की ती दोन-दोन दिवस उत्तरच द्यायची नाही. वय वर्षं एकोणचाळीस, आणि नातेवाइकांत तिला अजून 'ढब्बू'च म्हणत.

आई लवकर गेली. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला मोठ्या काकूनं वाढवलं, पोटच्या मुलांसारखं. त्यामुळे काकू बोलली की ऐकून घ्यायचं, हे अंगवळणी पडलेलं. काकू बोलायचीही भरपूर. पंगतीत सगळ्यांदेखत ढब्बूच्या ताटाकडे बघून म्हणायची, "पुरे आता. आरशात बघतेस की नाही?" काका री ओढायचे, "अगं, आरशात मावायला तर हवी!" सगळे हसायचे. तीही हसायची, आणि ताट बाजूला सारायची.

दोन वर्षांपूर्वी सांध्यांच्या दुखण्यावर तिला औषधं सुरू झाली आणि वजन आणखी वाढलं. तेव्हा तिनं एकदा धीर करून कारण सांगितलं होतं. झालं! त्या दिवशी जेवण संपेपर्यंत तिच्या गोळ्यांवर चर्चा. कोणी म्हणालं, डॉक्टर बदल. कोणी म्हणालं, सगळी औषधाची निमित्तं. एका आत्यानं तर ताटातला बटाटाच उचलून घेतला. तेव्हापासून ती घरून पोटभर खाऊन निघायची, तिथं नुसतं चिवडायची, आणि तरी चुकायचं नाही. "बघा, आपल्यासमोर खात नाही. मग हे चढतं कुठून?"

काकांचा सत्तरावा वाढदिवस ठरला तेव्हापासून तिचा डबा न उघडताच घरी जायला लागला. शेजारच्या टेबलावरच्या बाई, साच्यांचं काम करणाऱ्या, त्यांच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिनं सगळं सांगितलं. बाईंनी हातातलं काम ठेवलं.

"कारण सांगितलंस ना, तिथंच फसलीस," त्या म्हणाल्या. "कारण दिलं की लोक त्यावर वाद घालतात. कारण द्यायचंच नाही. एक वाक्य ठरव. छोटं. टोमणा नको, रडगाणं नको. परत कोणी बोललं तर तेच वाक्य, त्याच आवाजात. मग दुसरा विषय काढ. तरी थांबले नाहीत तर उठून बाहेर जा. पण जाईन म्हणालीस तर जायचंच. नुसती धमकी उपयोगाची नाही."

"काकू बोलणंच टाकेल माझ्याशी."

"टाकेलही," बाई म्हणाल्या. त्यांनी खोटा दिलासा दिला नाही, आणि म्हणूनच तिला त्यांचं पटलं.

आठवडाभर ती समोरच्या प्लास्टरच्या जबड्यांना ते वाक्य म्हणून दाखवत होती. आधी ते फार लांब होतं, मग त्यात 'माफ करा' होतं. बाईंनी ते काढायला लावलं. "गुन्हा केलायस का?" आदल्या दिवशी तिनं भावाला फोन केला. "मी बोलले की तू लगेच दुसरा विषय काढ. एवढंच कर." भाऊ म्हणाला, "काढतो की. घाबरतेस काय?" पण त्याचाही आवाज बारीक झाला होता.

वाढदिवसाच्या दुपारी काकूच्या घरी लांबलचक टेबलाभोवती बाराजण बसले. ती मुद्दाम न खाता आली होती, आणि भुकेपेक्षा भीतीच जास्त लागली होती. तिनं भात वाढून घेतला, भाजी घेतली. पुन्हा भाताच्या भांड्याकडे हात गेला, आणि टेबलाच्या टोकाकडून आवाज आला.

"ढब्बू, पुरे गं. किती घेशील?"

डाव मात्र तिनं खाली ठेवला नाही. भात वाढून घेतला, आणि मग काकूकडे बघितलं.

"काकू, माझ्या वजनाबद्दल आणि ताटाबद्दल कोणी बोललेलं मला नको आहे."

आवाज ठरवल्यापेक्षा बारीक निघाला. तरी सगळ्यांनी ऐकला. कोणाचा तरी चमचा ताटलीवर वाजला. तिनं भावाकडे बघितलं. भाऊ ग्लासात बघत बसला होता.

"अगं, काळजीपोटी बोलते मी," काकू म्हणाली. "लहानाची मोठी केली तुला."

हेच येणार, हे तिला माहीत होतं. याचीच तिला सगळ्यात जास्त धास्ती होती.

"केलीस, आणि ते मी विसरणार नाही. पण माझ्या वजनाबद्दल आणि ताटाबद्दल बोललेलं मला नको आहे." मग तिनं स्वतःच विषय बदलला. "काका, नव्या चष्म्यानं पेपर वाचता येतो का आता?"

काकांनी चष्मा कपाळावर सरकवला. "चष्म्याशिवायही तू दिसतेस की स्पष्ट!" दोघं-तिघं हसले. बाकीचे हसले नाहीत.

ती उठली. "मी दहा मिनिटं बाहेर बसते. विषय संपला की येते आत." ताट हातात घेऊन ती जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. दार आपोआप लोटलं गेलं, आणि आपल्यासाठी ते कायमचं बंद झालं, असंच तिला वाटलं. आतून बडबड ऐकू येत होती, शब्द कळत नव्हते. जाऊन माफी मागावी, हसण्यावारी न्यावं, असं दोनदा मनात आलं. मोठ्यांच्या मेजवानीतून ताट घेऊन उठलेली बाई तिनं आजवर पाहिली नव्हती. थोड्या वेळानं भाऊ स्वतःचं ताट घेऊन आला आणि शेजारी टेकला.

"माझी जीभच टाळ्याला चिकटली," तो म्हणाला.

"माहितीये. जेव."

दोघं जेवले. दहा मिनिटं झाल्यावर ती आत गेली, कारण तसं सांगितलं होतं. आत दुसऱ्याच विषयावर गप्पा चालल्या होत्या. केक कापला गेला, तिच्यापुढेही एक तुकडा आला आणि तिनं तो खाल्ला. काकूनं निघेपर्यंत तिच्याकडे बघितलं नाही.

त्यानंतर तीन आठवडे काकूचा फोन नाही. आधी एक दिवस चुकायचा नाही. कवळ्या घासताना ती चाक मध्येच थांबवायची, फोन वाजला असेल म्हणून. आपण एका भाताच्या डावापायी आई दुसऱ्यांदा गमावली, हा विचार जाता जात नव्हता. शेवटी एका रविवारी सकाळी तिनंच फोन लावला.

"बोल," काकू म्हणाली.

"कशी आहेस?"

"आहे. इतकं लागत होतं तर इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"भीती वाटायची."

"कोणाची?"

"तुझी, काकू."

"काका बदलणार नाहीत," काकू म्हणाली. "त्यांच्या तोंडाला कुलूप नाही."

"ते बोलले तर मी पुन्हा सांगेन. पुन्हा बाहेर बसेन."

"जिन्यात बसू नकोस, गार असते फरशी. आतल्या खोलीत बस." मग म्हणाली, "मी नाही काढणार तुझ्या ताटाचा विषय." आणि तिनं फोन ठेवून दिला.

पुढच्या वेळी काका बोललेच. तिनं तेच वाक्य म्हटलं. आवाज तेव्हाही बारीकच निघाला.