पत्रिकेतले ‘ळ’

पंचवटीतल्या एका अरुंद गल्लीत, भाजीबाजाराच्या मागे, लग्नपत्रिका छापणारा आमचा प्रेस होता. मी कळवणहून नाशिकला आले आणि तिथे कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करायच्या कामाला लागले. नव्वदच्या दशकाची मधली वर्षं. दुपारी गल्लीतली वर्दळ मंदावली की काचेतून येणारं ऊन शाईच्या वासात मिसळायचं आणि मशीनच्या लयीत सगळा प्रेस झोपेत बोलल्यासारखा वाटायचा. त्या काळाची आठवण आली की मला आधी ते ऊनच दिसतं, मग माणसं.

माणसं थोडीच होती. मालकीणबाई, मशीन चालवणारे काका आणि पत्रिकांची डिझाइनं करणारा माझ्याच वयाचा एक मुलगा. तो जुन्या नाशकातला, बोलण्यात तरबेज, कुणाचीही हुबेहूब नक्कल करायचा.

आमच्या घरी अहिराणी. माझ्या तोंडात ‘ळ’ चा ‘य’ व्हायचा. शाळेला मी शाया म्हणायचे, काळ्याला काया. मला तो फरक ऐकूही यायचा नाही. पहिल्याच आठवड्यात मी सहज म्हणाले, “कयवनला फोन करायचाय.” डिझाइनवाला खुर्चीत वळला आणि तेच वाक्य माझ्याच हेलात म्हणून दाखवलं. सगळे हसले. मीही हसले. खरंच हसले. नव्या ठिकाणी कुणी आपल्याला हसतंय म्हणजे आपल्याला त्यांच्यात घेतलं, असं वाटलं मला.

त्यानंतर ते रोजचंच झालं. काकाही मला ‘कयवनवाली’ म्हणू लागले.

मग हळूहळू, मला नकळत, काहीतरी बदललं. शाळेऐवजी मी स्कूल म्हणू लागले. काळ्या शाईला ब्लॅक, वेळेला टाइम. वाक्य तोंडातून निघायच्या आधी मनात फिरवून बघायचे, त्यात कुठे ‘ळ’ आहे का ते. मी मावशीकडे राहायचे; संध्याकाळी तिच्या घरी जाताना घाटावरून चालायचे तेव्हा जीभ मागे वळवून पुटपुटायचे, डोळा, केळी, सकाळ. नदीवर धुरकट उजेड असायचा, देवळांतल्या घंटा एकमेकींत मिसळायच्या, आणि कधीकधी वाटायचं, पाण्यावर तरंगणाऱ्या दिव्यांसारखे आपलेही शब्द हातातून सुटून लांब चाललेत.

तरी मला वाईट वाटतंय का, हे मला सांगता आलं नसतं. कारण काकांच्या ‘कयवनवाली’ ने मला काहीच व्हायचं नाही. उलट दिवसभरात त्यांनी तसं म्हटलं नाही तर चुकल्यासारखं व्हायचं. शब्द तोच. मग एकाकडून गोड आणि दुसऱ्याकडून बोचरा कसा?

कितीतरी दुपारी टाइप करता करता मी याचाच विचार करत बसायचे. काका पेठकडच्या डोंगरातले, ‘नाही’ ला ‘नाय’ म्हणायचे, आणि मी त्यांना “नाय काका” म्हटलं की खुशीत मान हलवायचे. आम्ही दोघंच चहा पीत असलो तरी ते चिडवायचे आणि मग विचारायचे, “तुमच्याकडं भाकरीला काय म्हनतात गं?” मी गप्प दिसले की त्या दिवशी तो विषयच काढायचे नाहीत. डिझाइनवाला मात्र आम्ही दोघंच असताना कधीच नक्कल करायचा नाही. त्याला तिसरं माणूस लागायचं. आणि त्याला परत काही म्हणावं, तर त्याच्या बोलण्यात चिडवण्यासारखं मला काही सापडायचंच नाही. सगळ्या शहराचं बोलणं त्याच्यासारखं होतं.

एकदा एक गृहस्थ मुलीच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. छपाईआधी मजकूर गिऱ्हाइकाला मोठ्याने वाचून दाखवायचं काम माझं. लग्नपत्रिकेत ‘ळ’ किती असतात ते त्या दिवशी कळलं. हळदीचा कार्यक्रम, मंगळवार, वेळ, स्थळ. मी ‘हयद’ म्हणाले तसा डिझाइनवाला तिकडून म्हणाला, “साहेब, हयदीला नका जाऊ, हळदीला जा. नाहीतर मांडव सापडायचा नाही.” गृहस्थ हसले. मग त्यांनी माझ्या हातातला कागद अलगद काढून त्याच्याकडे दिला आणि म्हणाले, “तुम्हीच वाचा बुवा. चूक राहायला नको.”

मजकुरात चूक नव्हती. मीच तो दोनदा तपासला होता.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी वाचनाचं काम त्याच्याकडे दिलं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, असं त्यांनी सांगितलं. आणि सगळ्यांसमोरच विचारलं, “तुला त्याच्या थट्टेचं वाईट वाटतं का गं?” सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, “नाही हो, गंमत करतो तो.” तिथे दुसरं काही म्हणता येणं शक्यच नव्हतं.

पण रिकाम्या हातांनी खुर्चीत बसले तेव्हा मला उत्तर सापडलं. इतके दिवस मी स्वतःला विचारत होते की मला लागतं का. विचारायला हवं होतं ते हे, की त्या हसण्यानंतर माझ्याकडे काय उरतं. काकांच्या चिडवण्यानंतर मी जास्त बोलायचे. याच्या चिडवण्यानंतर कमी बोलायचे, आणि आता तर वाचनाचं कामही गेलं होतं.

दोन दिवसांनी तो एकटा असताना मी त्याच्या टेबलाशी गेले आणि म्हणाले की गिऱ्हाइकांसमोर माझी नक्कल करू नकोस.

तो गोंधळला. “पण तूही हसतेस की.”

“हसते. नाही हसले तर माझ्या न हसण्यावर नवा विनोद होईल.”

काका म्हणतात ते कसं चालतं, असं त्याने विचारलं. मी म्हणाले, काकांना मी उलट बोलू शकते, आणि मी थांबा म्हटलं की ते थांबतात. तू थांबतोस का, ते मला अजून माहीत नाही.

काही दिवस तो फुगून बसला. मी आले की मुद्दाम तोंडावर बोट ठेवायचा. तेही चिडवणंच होतं, आणि मला वाटलं, झालं, उत्तर मिळालं. पण बाईंना मी एकटीने गाठून सगळं सांगितलं, त्यांनी वाचन मला परत दिलं, आणि पहिल्याच गिऱ्हाइकासमोर मी ‘मंगयवार’ म्हणाले तेव्हा त्याने वर पाहिलं, ओठ हलले, आणि तो पुन्हा स्क्रीनकडे वळला. ते गिऱ्हाईक माझ्याकडे साशंक नजरेने बघत होतं. तो न वळताच म्हणाला, “त्यांनी वाचलेल्या पत्रिकेत चूक निघत नाही.” त्यानंतर आमची मैत्री झाली असं नाही, पण मी पुन्हा शाया म्हणू लागले.

मला वाटलं, आता मला यातलं सगळं कळलं.

मग एकदा आई कळवणहून आली, प्रेस बघायला. काकांनी मोठ्या आपुलकीने स्वागत केलं, “या या, कयवनवालीची आई!” आई हसली, तोंडाला पदर लावला, आणि मग चहा संपेपर्यंत एक शब्द बोलली नाही. काकांचा चेहरा उतरला. त्यांनी लगेच बोलणं कांद्यावर नेलं, पावसावर नेलं. आई नुसती मान हलवत राहिली.

स्टँडवर तिला सोडायला गेले तेव्हा विचारलं, लागलं का तुला? बस सुरू झाली होती, डिझेलच्या धुरात तिचा चेहरा पुसट झाला होता.

“लागनं नही,” ती म्हणाली. “मानूस चांगला शे. पन मंग बोलानं मन जयं नही.”

मनाला लागलं नाही, पण मग बोलावंसं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी काकांनी आपणहून विचारलं, “आईला आवडलं नाय ना?” मी म्हणाले, नाही आवडलं. त्यांनी हातातलं फडकं घडी करून ठेवलं आणि ते म्हणाले, पुढच्या वेळी त्यांना नावानं विचारीन, कशा आहात म्हणून.