पाटीवरच्या दोन ओळी

आमच्या स्टुडिओत वहिनींना तेवीस वर्षं झाली आणि तेवीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचंच टाइप केलं. मजकूर कुणीतरी लिहून पाठवायचा, वहिनींनी तो व्हिडिओच्या खाली ओळीत बसवायचा. त्यांचे यजमान पूर्वी आमच्याकडे कॅमेरा चालवायचे, म्हणून त्या सगळ्यांच्या वहिनी. पुढे यजमानांनी कॅमेरा सोडला, पण वहिनी आणि त्यांचं खिडकीजवळचं टेबल तिथेच राहिलं. मी शेजारी बसून व्हिडिओ कापतो, जोडतो. लोक मला तापट म्हणतात. म्हणोत बापडे. पण वहिनींवर मी कधी ओरडलो असेन तर हात जोडून माफी मागतो, कारण चूक दर वेळी माझीच असायची.

गेल्या वर्षी ज्येष्ठांच्या विरंगुळा केंद्राकडून एक काम आलं. केंद्रात चार जण एका महिन्यात पडले होते. एकीचं मनगट मोडलं, एकांचा खुबा. म्हणून फिजिओथेरपीच्या डॉक्टरबाईंनी तोल सांभाळायचे बारा व्यायाम करून दाखवले आणि आम्ही ते चित्रित केले. आवाज मुद्दामच ठेवला नव्हता. केंद्रातल्या निम्म्यांना कमी ऐकू येतं आणि त्या हॉलमध्ये माइक लावला की नुसता कल्ला होतो. जे सांगायचं ते पडद्यावरच्या अक्षरांनी.

ती अक्षरं लिहिली होती हेडसरांनी. हेडसर म्हणजे केंद्राचे अध्यक्ष आणि आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. मी त्यांच्या हाताखाली शिकलोय, म्हणून सांगतो, निबंधाला त्यांनी कधी कुणाला दहापैकी नऊच्या वर मार्क दिले नाहीत. "दहावा मार्क राखून ठेवलाय," म्हणायचे. कुणासाठी ते विचारायची कुणाची छाती नव्हती. मला सहा मिळायचे.

त्यांची पहिली ओळ अशी होती: "सदर व्यायामप्रकार करतेवेळी आसनाचा आधार घेऊन उभे राहावे व तदनंतर दोन्ही टाचा मंदगतीने भूमीपासून उचलाव्यात."

वहिनींनी ती बसवली. दोन ओळींत मावेना, तीन केल्या, अक्षर बारीक केलं. केंद्रात पहिल्यांदा व्हिडिओ लावला तेव्हा मी हजर होतो. वीस-बावीस मंडळी खुर्च्या धरून उभी. सगळ्यांचे चष्मे नाकाच्या टोकावर. ते "आसनाचा आधार" पर्यंत पोचले तोवर डॉक्टरबाईंच्या टाचा वर जाऊन खालीही आल्या होत्या. तिसऱ्या व्यायामाला सगळे खाली बसले आणि नुसतं वाचत राहिले. एकही टाच उचलली गेली नाही.

"भाषा मात्र सुरेख," मागून कुणीतरी म्हणालं. घ्या!

मग आमच्या स्टुडिओच्या मालकांनी ते लिहायचं काम माझ्याकडे सोपवलं. "जरा हलकंफुलकं कर," म्हणाले. मी केलं. "चला आजी-आजोबा, पकडा खुर्ची! टाचा वर! वा, भारीच की!" शिवाय प्रत्येक ओळीपुढे एक हसरा चेहरा. मला वाटलं, काय कमाल केलीय आपण.

दुसऱ्या शनिवारी निवृत्त पोस्टमास्तरीणबाई पहिल्या रांगेत होत्या. मोडलेलं मनगट त्यांचंच. दोन ओळी वाचल्या आणि काठी टेकत उठल्या.

"मला आजी म्हणायला माझी नातवंडं आहेत. हा कोण टिकोजीराव? आणि 'वा वा' कसली करतो? मी काय बालवाडीत आहे?"

त्या निघून गेल्या. त्यांच्यामागोमाग आणखी सात-आठ जण गेले. मी पडद्यामागे उभा होतो, तिथेच जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळी मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. केंद्राच्या चिटणीसांचा निरोप होता: एक शनिवार आणखी देतो, नाही जमलं तर काम दुसरीकडे. मालक माझ्याकडे न बघता वहिनींकडे बघून म्हणाले, "हे गेलं तर अक्षरांचं टेबलच बंद करावं लागेल, वहिनी. मला आवडतंय म्हणून नाही सांगत."

म्हणजे घोळ घातला मी आणि टेबल जाणार वहिनींचं! मी तोंड उघडणार तेवढ्यात वहिनी शांतपणे म्हणाल्या, "या वेळी मी लिहू का?"

तेवीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं बाईंनी. मालक गोंधळले. "लिहा की. पण गेल्या वेळी न विचारता बदललं, तसं नको. हेडसरांचं लिखाण बदलायचं, तर त्यांची परवानगी तुम्हीच आणायची."

दुसऱ्या दिवशी वहिनींनी घरून एक पाटी आणली. शाळेतली असते तशी, लाकडी चौकटीची, एक कोपरा फुटलेला.

"ही कशाला?" मी विचारलं.

"आईची आहे. शेवटची अकरा वर्षं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. काय बोलायचं ते मी हिच्यावर लिहायची. लांबलचक लिहिलं की पाटी माझ्या अंगावर फेकायची. म्हणायची, 'वाचेपर्यंत चहा निवला गं!' एकदा मी घाईत लिहिलं, 'गोळी घे लवकर.' दिवसभर बोलली नाही. तिला ऐकू यायचं तेव्हा मी तोंडाने 'गोळी घे गं आई' असंच म्हणायची हो, पण बोलताना आवाजात माया असते. पाटीवर आवाज नसतो ना! तिथे नुसता हुकूम दिसतो. मग मी लिहायला लागले, 'गोळी घेतेस ना? मग पड जरा.' तेवढं पुरायचं."

पंधरा वर्षं हसऱ्या चेहऱ्यांशी खेळणारा मी, आणि ही बाई शेजारी बसून माझं टाइप करत होती.

पाटी घेऊन आम्ही दोघं हेडसरांकडे गेलो. सरांनाही ऐकू येत नाही हे मला तिथे गेल्यावर कळलं. कानातलं यंत्र टेबलाच्या खणात पडलेलं. मला बघून म्हणाले, "तू तो सहा मार्कवाला." आठवण मात्र ठणठणीत!

वहिनींनी पाटीवर दोन ओळींत लिहिलं: "सर, पहिला व्यायाम मला करायचाय. / कसा करू, सांगता?"

सर खूश झाले. शिकवायला मिळालं की मास्तर दहा वर्षांनी लहान होतो. त्यांनी स्वतःचा कागद उचलला. वहिनींनी तो हळूच त्यांच्या हातातून काढून घेतला आणि लिहिलं: "कागद नको सर. / मी तुमच्यासमोर उभी आहे."

सरांनी एक भुवई वर केली. मी दाराकडे सरकलो. पण वहिनी खुर्चीची पाठ धरून उभ्या राहिल्या आणि सर बोलायला लागले.

"घट्ट धरा. हां. आता दोन्ही टाचा उचला... सावकाश हो, कुठे गाडी पकडायचीय? पाय थरथरतात? थरथरू दे. दुखलं तर मात्र बसा. बसण्यात कमीपणा नाही."

वहिनी एका हाताने खुर्ची धरून उभ्या आणि दुसऱ्या हाताने टेबलावरच्या पाटीवर लिहीत होत्या. पाटी भरली की मी वहीत उतरवून घ्यायचो, त्या पुसायच्या. बाराच्या बारा व्यायाम झाले. सरांना घाम फुटला, पण त्यांनी मधे एकदाही "सदर" म्हटलं नाही.

मग वहिनींनी वहीतलं पहिलं पान त्यांच्यापुढे ठेवलं. सरांनी वाचलं आणि कपाळाला आठी पडली.

"हे मी लिहिलेलं नाही."

"नाही सर," वहिनींनी पाटीवर लिहिलं, "हे तुम्ही आत्ता बोललात."

सरांनी पाटी जवळ ओढून पुन्हा वाचली. मग हळू आवाजात म्हणाले, "लिहायला बसलो की वाटतं, आपल्या वयाच्या माणसांपुढे मजकूर भारदस्त हवा. नाहीतर म्हणतील, हेडसर थकले." आणि लगेच करड्या आवाजात, "गाडीचं वाक्य ठेवा. मनगट मोडलेल्या माणसाला जरा हसू येऊ दे."

पुढचे चार दिवस वहिनींनी जे काम केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. प्रत्येक वाक्य आधी पाटीवर लिहायच्या. दोन ओळींत मावलं तरच पडद्यावर. सगळीकडे तुम्ही. आजी नाही, आजोबा नाही, कृपया नाही, शाबासकी नाही. एका ओळीत एकच हालचाल. मला म्हणाल्या, "भाऊ, डॉक्टरबाईंनी टाच उचलायच्या आधीच अक्षरं येऊ देत. माणूस आधी वाचेल, मग पायाकडे बघेल. दोन्ही एकदम कसं जमेल?" मी प्रत्येक ओळ दीड सेकंद आधी आणली. जिथे वेळ कमी पडला तिथे डॉक्टरबाईंना पडद्यावर तसंच थांबवून ठेवलं. तीनदा केलं, तिन्ही वेळा वहिनींनी चुका काढल्या. मी एकदाही तापलो नाही, लिहून ठेवा.

शनिवारी मालकही आले. पोस्टमास्तरीणबाईंना बोलावून आणायला वहिनी स्वतः गेल्या होत्या. बाई आल्या, पण दाराजवळच्या खुर्चीपाशी उभ्या राहिल्या, पटकन निघता यावं म्हणून.

पडदा उजळला. "खुर्ची घट्ट धरा."

हातांच्या वीस-बावीस जोड्या खुर्च्यांवर.

"आता दोन्ही टाचा उचला. / सावकाश, कुठे गाडी पकडायचीय?"

आधी एक जण हसला. मग हसू रांगेतून पसरत मागे गेलं, आणि हसता हसता सगळ्यांच्या टाचा वर! अहो, सगळ्यांच्या! मी मोजायच्या भानगडीत पडलोच नाही. माझे डोळे पोस्टमास्तरीणबाईंवर होते. त्यांचे पाय थरथरत होते. पडद्यावर आलं: "पाय थरथरतात? थरथरू दे." बाईंनी वाचलं, मान हलवली आणि टाचा आणखी वर नेल्या.

"हे कुणीतरी मोठ्या माणसाने लिहिलंय," त्या शेजारच्यांना म्हणाल्या. कमी ऐकू येणारी माणसं कुजबुजतात तेव्हा ती कुजबुज हॉलभर ऐकू येते.

बारा व्यायाम झाले. कुणी बसलं नाही. शेवटी मंडळींनी तोच व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला आणि डॉक्टरबाईंनी "आजच्यापुरतं बस" म्हणून हात जोडले. मालक वहिनींपाशी येऊन उभे राहिले, दोनदा घसा खाकरला आणि म्हणाले, "वहिनी, सोमवारपासून तुम्ही टाइप नका करू. तुम्ही लिहा. टाइप हा करेल." हा म्हणजे मी. मी आनंदाने हो म्हटलं.

पदराने डोळे पुसत वहिनी पाटी पिशवीत घालायला लागल्या, तेवढ्यात हेडसर काठी वाजवत आले. त्यांनी पाटी मागून घेतली, खडू घेतला, आमच्याकडे पाठ फिरवली आणि काहीतरी लिहिलं. वर्गात पेपर परत करायचे तशी पाटी पालथी करून त्यांनी वहिनींच्या हातात दिली आणि वळून चालू लागले.

वहिनींनी पाटी उलटली. मी त्यांच्या खांद्यावरून वाचलं. दोनच ओळी होत्या.

"राखून ठेवलेला दिला. / दहापैकी दहा."