बाळाबरोबर गेलेला कागद

बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात मी प्रसूतिकक्षाची सिस्टर होते, तेव्हाची, साठच्या दशकातली ही गोष्ट. भरतीच्या वेळी विचारायच्या प्रश्नांची एक यादी मी दारामागे चिकटवली होती. त्यात चौथा प्रश्न होता: आधी पोट उघडलं आहे का, आणि त्याचा कागद कुठे आहे?

परसवाड्याकडची एक बाई दिवस भरत आल्यावर नवऱ्याबरोबर आली. बेंबीखाली उभा व्रण. मी तक्त्यावर लिहून टाकलं: गर्भाशयावर उभा छेद. डॉक्टरीणबाईंनी ते वाचलं आणि माझ्याच पेनाने खोडलं.

"सिस्टर, हा कातडीवरचा छेद झाला. आतला तुम्ही पाहिलात?"

पाहिला नव्हता. बाहेर उभं कापून आत गर्भाशयाच्या खालच्या भागावर आडवा छेद घेता येतो. तो बरा भरतो. पहिल्या वेळचं कारण पुन्हा नसेल आणि शस्त्रक्रियेची तयारी हाताशी असेल, तर अशा बाईचं कळा देऊन नेहमीसारखं बाळंतपण करून पाहता येतं. छेद वरच्या भागावर उभा असेल तर मात्र कळांनी, कधी कळांच्या आधीही, गर्भाशय फाटतं आणि मूल व आई दोघंही हातची जातात. हे सांगणारा कागद तिच्या माहेरी, तुमसरकडे होता. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून कागदही माहेरचा. मी नवऱ्याला चिठ्ठी लिहून दिली आणि कटंगीच्या गाडीने तिकडे धाडलं.

बाई मला म्हणाली, "बाई, मले कळा येऊ द्या. मी जोर लावतो. मागच्या वेळी सहा महिने वाकता नाही आलं. दोनदा कापलेल्या पोटानं धानाची रोवणी कशी करू?"

"आधी कागद येऊ दे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी नवरा आला. सोबत त्याची सासू होती, कागद नव्हता. तिकडच्या दवाखान्यात जुनं रजिस्टर सापडलं नाही. त्याच सकाळी इकडे बाईच्या कळा सुरू झाल्या होत्या, अजून लांब लांब अंतराने.

"कागद कुठे ठेवला, माय?" मी विचारलं.

म्हातारी खाली बघत म्हणाली, "लेकरू आठ दिवस जगलं. त्याचं काही घरात ठेवत नाही आमी. झबलं, दुपटं, सारं त्याच्यासंगं मातीत दिलं. कागदावर त्याचं वजन लिवलं होतं. त्याचाच कागद म्हणून तोही दिला."

जावई चिडला. "काहून दिला? सांगाचं होतं न आमाले."

"तुमी इचारलं होतं का तवा?"

डॉक्टरीणबाईंनी दोघांना थांबवलं. "तेव्हा पोटात मूल कसं होतं, आजी? डोक्याकडून की आडवं?"

"आडवं. अन् हिले मंग पंधरा दिवस ताप."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. आडव्या मुलासाठी कधी कधी वरचा छेद घ्यावा लागतो, आणि तापात टाका नीट भरत नाही. या वेळी मूल डोक्याकडून होतं, तिची कमरेची हाडंही पुरेशी रुंद होती. तेवढ्यावर कळा येऊ दिल्या असत्या, पण आतला टाका माहीत नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी बाईला सांगितलं, "दुसऱ्यांदा कापणंही साधं नाही. आत चिकटलेलं असेल, रक्त जास्त जाईल, आणि पुढच्या वेळी पुन्हा इथंच यावं लागेल, कळांच्या आधी. पण टाका वरचा असला तर वाट पाहायला वेळ मिळणार नाही."

बाईने पोटावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "हौ. करा."

एक बाटली रक्त तयार होतं. मी तिच्या नाडीवर बोट ठेवून टेबलापर्यंत गेले. मूत्राशय वर ओढून चिकटलं होतं, ते सोडवायलाच वेळ गेला. गर्भाशयाचा वरचा भाग गुळगुळीत होता. खाली आडवी, बारीक, घट्ट रेघ.

"खालचा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग त्याच रेघेवर त्यांनी छेद घेतला. मुलगी रडली. रक्ताची बाटली पूर्ण लागली.

चौथ्या दिवशी बाईने विचारलं, "आतला टाका कसा होता?"

मी खरं सांगितलं.

"मंग कळांनीच होऊन गेलं असतं."

"बहुतेक. पण ते आत पाहिल्यावर कळलं."

तिने मुलीला दुसऱ्या कुशीवर घेतलं. "मायले नोका सांगू," ती म्हणाली.

मी नाही सांगितलं. तिला घरी सोडताना मी दोन कागद केले. एकावर मुलीचं वजन आणि जन्मवेळ. दुसऱ्यावर फक्त बाईबद्दल: शस्त्रक्रिया का केली, गर्भाशयावर छेद कुठे, ताप आला की नाही, पुढच्या वेळी दवाखान्यात कधी यायचं. त्याची एक प्रत नवऱ्याला दिली, एक म्हातारीला.

"हा लेकराचा नाही, माय. हा तुझ्या लेकीचा."

तिने तो दोनदा घडी करून चोळीत ठेवला. त्यानंतर त्या कक्षातून शस्त्रक्रिया झालेली कुठलीही बाई मी एका कागदावर घरी सोडली नाही.